मैनपाटच्या थंडीत उघडं पडणारं रायपूरचं ऊन

डिसेंबर लागला की रायपूरहून सरगुजाकडे गाड्या निघतात. आधी अंबिकापूर, मग घाट चढून मैनपाट. हजार मीटरच्या आसपास उंचीचं पठार, तिबेटी वस्त्या आणि कडाक्याच्या दिवसांत पहाटे गवतावर गोठलेलं दव. तिथून परतलेल्यांच्या गप्पांत एक तक्रार हमखास असते. सूर्योदयाचा फोटो काढायला फोन वर धरला, बटण दाबलं आणि पडदा काळा. चार्ज तर तीस-बत्तीस टक्के दिसत होता. मग गाडीत हीटर लावून बसल्यावर तोच फोन चार्जर न लावता सुरू होतो आणि वर एकोणतीस टक्के दाखवतो. जणू काही घडलंच नाही.

‘थंडीनं बॅटरी खाल्ली’ असं म्हणून बहुतेक जण विषय सोडून देतात. पण त्याच गाडीत, त्याच थंडीत, सहा महिन्यांपूर्वी घेतलेला दुसरा फोन बिनतक्रार फोटो काढत असतो. म्हणजे थंडी एकटी दोषी नाही. फोन बंद पडला मैनपाटला, पण त्याचं बरंचसं नुकसान आधीच झालं होतं, रायपूरच्या एप्रिल-मे-जूनमध्ये. थंडीनं ते फक्त चव्हाट्यावर आणलं.

हे कसं, ते समजायला आधी पडद्यावरचा टक्का बाजूला ठेवावा लागेल. टक्का सांगतो की बॅटरीत किती विद्युतभार उरला आहे. तो किती वेगानं बाहेर येऊ शकतो, हे टक्का सांगत नाही. गच्चीवरची टाकी अर्धी भरलेली असली तरी जुन्या लोखंडी पाइपात गंज साचला असेल, तर खाली नळाला धार लागत नाही. बॅटरीचं तसंच होतं. हा जो आतला अडथळा, त्याला अंतर्गत रोध म्हणतात. फोन जितका जास्त करंट मागेल तितकं या रोधापायी व्होल्टेज खाली येतं. आणि फोनचं इलेक्ट्रॉनिक्स ठरावीक व्होल्टेजच्या खाली चालत नाही. ती रेषा ओलांडली की सर्किट स्वतःला वाचवण्यासाठी फोन बंद करतं. तुमच्या टक्क्याला ते विचारत नाही.

एक हिशोब मांडून बघू. आकडे ढोबळ आहेत, फोनगणिक बदलतील, पण प्रमाण असंच असतं. तीस टक्क्यांवर फोन निवांत असताना बॅटरीचं व्होल्टेज साधारण 3.75 असतं. कॅमेरा सुरू, फ्लॅश उडतोय, पडदा पूर्ण उजेडात आणि दूरच्या टॉवरशी बोलायला रेडिओ जोर लावतोय, अशा क्षणी फोन 2 अँपियरच्या घरात करंट ओढतो. फोन 3 व्होल्टला बंद होतो असं धरू. रोध गुणिले करंट, म्हणजे व्होल्टेजची घट.

नवी बॅटरी, रायपूरची सुखद सकाळ: रोध 0.1 ओहम, घट 0.2 व्होल्ट, उरले 3.55. फोनला काही होत नाही. हीच नवी बॅटरी मैनपाटला गारठली: रोध वाढून 0.18, घट 0.36, उरले 3.39. तरीही काही होत नाही. आता तीन-चार वर्षं वापरलेली बॅटरी घ्या. घरी, उबेत, तिचा रोध 0.25 आहे; घट 0.5, उरले 3.25. अजूनही फोन चालतोय, म्हणून मालकाला काही पत्ता नाही. हीच जुनी बॅटरी गारठली की रोध 0.4 वर जातो, घट 0.8 होते आणि उरतात 2.95. रेषा ओलांडली, फोन बंद. एकटं म्हातारपण पचलं, एकटी थंडी पचली, दोन्ही मिळून पचलं नाही.

याच हिशोबात आणखी एक गोष्ट दडली आहे. जुनी बॅटरी घरीसुद्धा पाच टक्क्यांवर आली की निवांत व्होल्टेज 3.45 च्या आसपास येतं, त्यातून 0.5 गेले की पुन्हा 2.95. म्हणजे ज्याचा फोन मैनपाटला तीस टक्क्यांवर बंद पडला, त्याचा तो घरी चार-पाच टक्क्यांवर शून्य न गाठताच बंद पडू लागलेला असतो. ‘एवीतेवी संपतच आली होती’ म्हणून त्याकडे कुणी लक्ष दिलेलं नसतं. खरं तर पहिली सूचना तीच.

गाडीत बसल्यावर फोन परत सुरू का होतो, तेही आता उघड आहे. विद्युतभार कुठे गेलेलाच नव्हता. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांतून निघून इलेक्ट्रोलाइट नावाच्या द्रवातून पलीकडच्या धातूच्या ऑक्साइडमध्ये जातात. थंडीत हा द्रव घट्ट होतो आणि पृष्ठभागावरून आत-बाहेर शिरण्याची क्रियाही मंदावते. ऊब मिळाली की दोन्ही पूर्ववत होतात. थंडीतला हा वाढीव रोध तात्पुरता असतो. म्हातारपणाचा मात्र कायमचा.

म्हातारपण कसं येतं? ग्राफाइटच्या पृष्ठभागावर पहिल्याच चार्जिंगच्या वेळी एक पातळ थर बसतो. तो हवाच, कारण तो नसेल तर इलेक्ट्रोलाइट ग्राफाइटला भिडून सतत विघटन पावत राहील. पण हा थर वाढायचा थांबत नाही. वाढताना तो थोडं थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो, म्हणून क्षमता घटते. आणि जाड होताना आयनांची वाट अडवतो, म्हणून रोध वाढतो. या वाढीला दोन गोष्टी खतपाणी घालतात: उष्णता आणि भरलेली बॅटरी. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो.

बॅटरीवाल्यांच्या जगात एक तक्ता बराच फिरतो. बॅटरी न वापरता वर्षभर नुसती ठेवली तर काय उरतं, ते तो दाखवतो. 25 अंशांना, 40 टक्के भरलेली ठेवली तर वर्षाअखेर क्षमता सुमारे 96 टक्के. 25 अंशांनाच पण पूर्ण भरलेली ठेवली तर सुमारे 80. 40 अंशांना 40 टक्के भरलेली असेल तर 85, आणि 40 अंशांना पूर्ण भरलेली असेल तर जेमतेम 65. आजच्या बॅटऱ्या यापेक्षा थोडा जास्त तग धरतात, तरी दिशा तीच आहे. शेवटचा आकडा पुन्हा वाचा आणि मग नवतपाचे दिवस आठवा. दुपारी रायपूरचा पारा 44-45 ला टेकलेला, रात्रीही भिंतींतून धग येते. त्यात फोन शंभर टक्के भरून उशीजवळ चार्जरला रात्रभर लावलेला.

ॲपल आपला आयफोन वापरण्यासाठी भोवतालचं तापमान 0 ते 35 अंश असावं असं सांगतं, आणि बंद करून ठेवायचा असेल तर 45 पर्यंत चालेल असं म्हणतं. रायपूरच्या उन्हाळ्यात दुपारची सावलीसुद्धा यातली पहिली मर्यादा आठवडेच्या आठवडे ओलांडते, आणि काचा बंद करून उन्हात उभी केलेली गाडी दुसरीही. सगळ्यात हाल होतात ते दुचाकीच्या हँडलवर फोन लावून नकाशा बघत फिरणाऱ्यांच्या फोनचे. वरून ऊन, आतून प्रोसेसर आणि मोबाइल डेटाची उष्णता, शिवाय पॉवर बँकेतून चार्जिंग. फोन तापल्याची सूचना देऊन पडदा मंद करतो तेव्हा तो नखरे करत नसतो.

म्हणून रायपूरकरानं बॅटरीची काळजी घ्यायची ती हिवाळ्यात नव्हे, उन्हाळ्यात. बहुतेक नव्या फोनमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे. वर्षभर नाही जमलं तर निदान एप्रिल ते जून ती सुरू ठेवावी. चार्जिंग कूलरच्या वाऱ्यात करावं, फोन गादीवर न ठेवता फरशीवर ठेवावा, जाड कव्हर काढावं. इतकं केलं तरी बराच फरक पडतो.

टक्के शिल्लक असताना फोन बंद पडण्याचं हे प्रकरण जगभर गाजलं ते आयफोन 6 एसमुळे. 2016 च्या नोव्हेंबरात ॲपलनं मान्य केलं की 2015 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बनलेले काही 6 एस अचानक बंद पडताहेत, आणि त्यांच्या बॅटऱ्या फुकट बदलून द्यायला सुरुवात केली. कारण पुढे कंपनीनंच सांगितलं: बॅटरीचा एक घटक जोडणीपूर्वी नियंत्रित हवेत ठरल्यापेक्षा जास्त वेळ राहिला होता, त्यामुळे त्या बॅटऱ्या लवकर झिजत होत्या. पण तक्रारी त्या महिन्यांपुरत्या राहिल्या नाहीत. जानेवारी 2017 मध्ये iOS 10.2.1 आलं आणि बंद पडण्याचं प्रमाण एकदम घटलं. ते कसं घटलं, हे मात्र लोकांना कुणी नीट सांगितलं नाही.

ते उलगडलं डिसेंबर 2017 मध्ये. फोनचा वेग मोजणारं ‘गीकबेंच’ बनवणाऱ्या प्रायमेट लॅब्जच्या जॉन पूल यांनी आपल्याकडे जमलेल्या हजारो मापनांचे आलेख काढले. एकाच मॉडेलचे फोन जुन्या प्रणालीवर एका वेगाशी गोळा झालेले दिसत होते, तर नव्या प्रणालीवर अनेक खालच्या वेगांवर वेगवेगळे उंचवटे उमटले होते. म्हणजे फोनच्या बॅटरीप्रमाणे त्याचा वेग आवळला जात होता. दोन दिवसांत ॲपलनं तसं कबूल केलं. थंडी, कमी चार्ज आणि वय या तीन स्थितींत बॅटरी मोठा करंट पुरवू शकत नाही, म्हणून प्रोसेसरची मागणी मुद्दाम चपटी केली, असं तिचं म्हणणं. वर मांडलेला हिशोब आठवा: 2 अँपियरची मागणी 1.5 वर आणली तर 0.4 ओहमवरची घट 0.8 ऐवजी 0.6 होते, आणि फोन 3.15 वर तगतो. अभियांत्रिकी म्हणून उपाय चोख होता. चूक होती ती न सांगण्यात. लोक फोन मंद झाला म्हणून नवा घेत होते, जेव्हा नुसती बॅटरी बदलून काम भागलं असतं. 28 डिसेंबरला कंपनीनं माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर उतरवला (भारतात 6,500 रुपयांवरून 2,000 वर), आणि मार्च 2018 च्या iOS 11.3 मध्ये बॅटरीचं आरोग्य दाखवणारं पान दिलं. 2020 मध्ये फ्रान्सनं अडीच कोटी युरोंचा दंड ठोकला, तो हे ग्राहकांपासून लपवल्याबद्दल.

ते पान आज आयफोनच्या Settings मध्ये Battery खाली सापडतं. त्यावर Maximum Capacity असा टक्का असतो. आयफोन 14 पर्यंतच्या फोनसाठी 500 पूर्ण चार्ज-चक्रांनंतर 80 टक्के क्षमता उरावी असा कंपनीचा मापदंड आहे, आयफोन 15 पासून 1000 चक्रांनंतर. पण बंद पडण्याच्या तक्रारीत या टक्क्यापेक्षा त्याखालचं वाक्य महत्त्वाचं. बॅटरी आवश्यक करंट देऊ शकली नाही म्हणून फोन अचानक बंद पडला, आणि त्यासाठी performance management लागू केलं आहे, असं तिथं लिहिलेलं असेल तर निदान झालंच म्हणायचं. क्षमता 84 टक्के असूनही हे वाक्य येऊ शकतं, कारण क्षमता आणि रोध हातात हात घालून बिघडतात असं नाही.

अँड्रॉइडमध्ये एकसारखी सोय नाही. सॅमसंगमध्ये Samsung Members ॲपमधल्या तपासणीत बॅटरीची स्थिती कळते. पिक्सेलच्या अलीकडच्या मॉडेलांत About phone खाली बॅटरीच्या उत्पादनाची तारीख आणि चार्ज-चक्रं दिसतात. ज्यांना संगणकाशी फोन जोडता येतो त्यांच्यासाठी एक आज्ञा आहे:

```
adb shell dumpsys battery
```

तिच्या उत्तरातल्या चार ओळी आपल्या कामाच्या:

```
level: 31
health: 2
voltage: 3748
temperature: 214
```

व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये आणि तापमान अंशाच्या दहाव्या भागात असतं. म्हणजे इथे 3.748 व्होल्ट आणि 21.4 अंश. यातल्या health: 2 चा अर्थ ‘चांगली’ असा असला तरी त्यावर भुलू नका. बॅटरी या क्षणी फार तापलेली, फार गारठलेली किंवा मृत नाही, एवढंच तो सांगतो. चार वर्षांची थकलेली बॅटरीही तिथे 2 च दाखवते. अनेक ॲप हाच आकडा उचलून ठळक हिरव्या अक्षरात ‘Good’ छापतात, आणि दुकानात बॅटरी दाखवायला आलेलं गिऱ्हाईक समाधानानं घरी जातं.

रोध ताडायचा तर व्होल्टेज दोनदा बघावं लागतं. फोन तीस टक्क्यांच्या आसपास येऊ द्या. केबल लावली तर चार्जिंग सुरू होऊन सगळे आकडे फसवे होतात, म्हणून संगणकाशी जोडणी वाय-फायवरून करा, किंवा व्होल्टेज दाखवणारं एखादं साधं ॲप घ्या. आधी फोन दोन मिनिटं निवांत ठेवून आकडा टिपा. मग टॉर्च लावून व्हिडिओ रेकॉर्डिंग सुरू करा, पडदा पूर्ण उजेडात ठेवा आणि अर्ध्या मिनिटानं पुन्हा आकडा बघा. फ्लॅशचा क्षणिक झटका या मोजणीत सापडत नाही, कारण आकडा काही सेकंदांनी बदलतो. म्हणून असा सलग भार द्यायचा. चांगल्या बॅटरीत हा फरक 0.1 ते 0.15 व्होल्टच्या घरात राहतो. 0.3 च्या पुढे गेला तर ती बॅटरी मैनपाटला नेऊ नये. फोनफोनांत करंट वेगळा असल्यानं हा काटा बारीक नाही; घरातल्या त्याच मॉडेलच्या नव्या फोनशी तुलना करता आली तर उत्तम.

एक दुसरा बिघाड याच लक्षणाचं सोंग घेतो. फोनमधलं मोजणीचं सर्किट आत-बाहेर गेलेला करंट मोजून टक्का काढतं, आणि त्यासाठी बॅटरीची पूर्ण क्षमता किती, हे त्याला माहीत असावं लागतं. बॅटरी झिजली आणि सर्किट जुन्याच क्षमतेवर हिशोब करत राहिलं, तर पडद्यावर 20 टक्के असताना प्रत्यक्षात काही उरलेलं नसतं. ओळखण्याची खूण सोपी आहे. बंद पडलेला फोन चार्जर न लावता उबेत ठेवून पुन्हा सुरू करा. पूर्वीच्याच आसपासचा टक्का दिसला तर दोष रोधाचा. एक-दोन टक्के दिसले, किंवा फोन उठलाच नाही आणि चार्जर लावताच शून्याजवळून सुरुवात झाली, तर मोजणी चुकली. मग एकदा फोन पूर्ण संपू देऊन सलग शंभरपर्यंत भरला की सर्किट बऱ्याचदा ताळ्यावर येतं. हे एकदाच करायचं. दर आठवड्याला केलं तर बॅटरीचं उलट नुकसान.

थंडीत फोन अडकलाच तर तो अंगालगतच्या खिशात दहा मिनिटं ठेवावा. शेकोटीजवळ किंवा हीटरच्या झोतासमोर मात्र धरू नये. सुरू झाल्यावर बॅटरी सेव्हर लावावा, फ्लॅश बंद ठेवावा, म्हणजे मागणीचे झटकेच कमी होतात. पॉवर बँक जवळ असेल तर ती जोडूनच फोटो काढावेत. फोनचा बराचसा भार मग तीच उचलते. मात्र पारा शून्याजवळ असेल आणि फोन रात्रभर गाडीत राहिला असेल, तर आधी त्याला ऊब द्यावी आणि मगच चार्ज करावं. गोठलेल्या बॅटरीत चार्जिंग केलं तर लिथियम ग्राफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचतं, आणि ते नुकसान भरून निघत नाही. चांगले फोन अशा वेळी चार्जिंग स्वतःहून नाकारतात, त्याला बिघाड समजू नये.

बॅटरी बदलायची ठरली तर रायपूरकराची पावलं बहुधा जयस्तंभ चौकाच्या रवी भवनाकडे वळतात. शक्य असेल तर कंपनीच्या अधिकृत केंद्रातच बदलावी, आणि फोनची पाठ फुगलेली किंवा पडदा उचललेला दिसत असेल तर तो दाबून बसवायचा प्रयत्न न करता चार्जिंग थांबवून लगेच दाखवावा. बाजारात घेताना बॅटरीच्या वेष्टनावर दोन गोष्टी वाचाव्यात. पहिली, भारतीय मानक ब्यूरोची खूण: IS 16046 आणि त्याखाली R ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. हा क्रमांक ब्यूरोच्या BIS Care ॲपवर पडताळता येतो. दुसरी, उत्पादनाची तारीख. न वापरलेली बॅटरीही पेटीत पडून म्हातारी होते, आणि ती पेटी कुणाच्या पत्र्याच्या गोदामात दोन उन्हाळे काढून आली असेल तर नवेपणा नावापुरताच.

बसवून झाल्यावर तीस टक्क्यांवर तीच टॉर्च-व्हिडिओची चाचणी पुन्हा करावी. पूर्वी 0.3 असलेला फरक आता 0.15 च्या आत यायला हवा. आला नाही, तर जोडणीचा कनेक्टर नीट बसलेला नाही किंवा नव्या वेष्टनात जुनाच माल गळ्यात मारला आहे. कनेक्टर दुकानात उभ्याउभ्या तपासून घेता येतो. तो ठीक निघाला तर बॅटरी परत करावी, आणि हे सगळं पावती खिशात असताना, दुकानाची बदलून देण्याची मुदत संपण्याआधी.